तीन लाखांची एफडी, ४४४ दिवस आणि घरातले तीन आकडे

"नमस्कार. आईच्या नावावर १० जून २०२५ ला ३ लाखांची एफडी केली. ४४४ दिवस, सिनियरचा धरून ७ टक्के, आणि व्याज मॅच्युरिटीलाच घ्यायचं असं सांगितलं होतं. तिमाही चक्रवाढ आहे म्हणाले. पावतीवर छापलंय की २८ ऑगस्ट २०२६ ला ३,२६,४३० मिळतील. आईने वहीत हाताने गणित केलं तर ३,२५,५४५ आले. दादाने एक्सेलमध्ये फॉर्म्युला टाकला, त्याचे ३,२६,४२४. मी केलं तर ३,२७,१७२ येतात, कारण काउंटरवरच्या माणसाने पावतीच्या मागे पेनाने ७.१९% असं लिहून दिलं होतं, मी तोच दर धरला. म्हणजे बँक आईला ७४२ रुपये कमी देतेय का? नक्की कुणाचं बरोबर?"
– एक वाचक, कोथरूड

ताई, बँकेचा आकडा बरोबर आहे, ७४२ रुपये कुठे गेलेले नाहीत. पण तुमचं पत्र वाचून मी लगेच कागद-पेन घेऊन बसले, कारण तुम्ही चारही आकडे रुपयापर्यंत लिहून पाठवलेत आणि एफडीच्या हिशेबात नुसता फरक बघूनसुद्धा कळतं की कुठे काय वेगळं धरलं गेलंय. मी बरीच वर्षं पुण्यातच एका बँकेत ठेवींच्या काउंटरला होते, तिथे रोज कुणी ना कुणी असाच चिठ्ठीवर आकडा लिहून आणायचं.

आधी बँकेचा आकडा कसा आला ते बघू, आणि तो फॉर्म्युल्याने नको, पासबुकात नोंदी पडतात तसा एकेक तिमाही करून बघू. वर्षाचे ७ टक्के म्हणजे तीन महिन्यांचे पावणेदोन टक्के, १.७५. १० जूनला ठेव ठेवली, पहिली तिमाही १० सप्टेंबरला पूर्ण झाली, ३ लाखांवर पावणेदोन टक्के म्हणजे ५,२५० रुपये. हे पैसे आईंच्या हातात येत नाहीत, ते मुद्दलातच जाऊन बसतात, त्यामुळे दुसऱ्या तिमाहीत मुद्दल ३,०५,२५० धरलं जातं आणि १० डिसेंबरला व्याज येतं ५,३४१.८८. म्हणजे आधीच्यापेक्षा जवळपास ९२ रुपये जास्त, आणि हे ९२ म्हणजे काय तर त्या ५,२५० रुपयांवरचं तीन महिन्यांचं व्याज. चक्रवाढ म्हणतात ती एवढीच. पुढे १० मार्च २०२६ ला ५,४३५.३६ आणि १० जून २०२६ ला ५,५३०.४८. चार तिमाह्या झाल्या, वर्ष झालं, मुद्दल आता ३,२१,५५७.७१ झालंय.

साध्या कॅल्क्युलेटरवर करायचं असेल तर ३००००० ला १.०१७५ ने ओळीने चार वेळा गुणा, हाच आकडा येईल. इथे नेहमी होणारी गडबड म्हणजे १.७५ चं ०.०१७५ करताना एक शून्य खाल्लं जातं आणि १.१७५ ने गुणलं जातं, पण मग आकडा एवढा प्रचंड येतो की लगेच लक्षात येतं, त्यामुळे त्याची मला फार काळजी वाटत नाही.

आता राहिले ४४४ वजा ३६५, म्हणजे ७९ दिवस. खरी गंमत इथेच आहे. पाचवी तिमाही १० सप्टेंबर २०२६ ला पूर्ण झाली असती पण ठेव त्याआधीच, २८ ऑगस्टला संपते. तिमाही पूर्णच झाली नाही तर व्याज मुद्दलात मिळवायचा प्रश्न येत नाही, म्हणून या उरलेल्या दिवसांना बँक सरळव्याज लावते, वाढलेल्या मुद्दलावर, दिवस मोजून. ३,२१,५५७.७१ गुणिले ७ टक्के गुणिले ७९ भागिले ३६५, झाले ४,८७१.८२. एकूण ३,२६,४२९.५३, पूर्ण रुपयात ३,२६,४३०. पावतीवर हाच आकडा आहे. याचा अर्थ तुमच्या बँकेने तिमाही ठेवीच्या तारखेपासून मोजलीये. काही ठिकाणी तिमाही कॅलेंडरप्रमाणे, म्हणजे मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरअखेर धरतात, मग थोडे रुपये इकडेतिकडे होतात, तसंच लीप वर्षातल्या दिवसांना काही बँका ३६५ ऐवजी ३६६ ने भागतात, पण तुमच्या मुदतीत २९ फेब्रुवारी येतच नाही त्यामुळे तो विषय सोडून द्या.

दिवस मोजताना एक सांभाळा. ठेव ठेवली तो दिवस धरायचा, पैसे परत मिळतात तो दिवस धरायचा नाही. जूनमधले १० ते ३० हे २१ दिवस, जुलैचे ३१, ऑगस्टचे १ ते २७ हे २७, झाले ७९. बरेच जण दोन्ही टोकं मोजतात आणि ८० धरतात. तुमच्या एफडीत शेवटच्या टप्प्यात एका दिवसाचं व्याज आहे ६१ रुपये ६७ पैसे, म्हणजे कधी बँकेच्या आणि तुमच्या आकड्यात साधारण ६२ रुपयांचा फरक दिसला तर डोकं खाजवत बसू नका, एक दिवस जास्त किंवा कमी मोजला गेलाय, कॅलेंडर काढून परत मोजा.

आता दादांचा एक्सेल. त्यांचा फरक फक्त ६ रुपयांचा आहे आणि तो कुठून आला हेही कळतंय. त्यांनी शाळेतला चक्रवाढीचा फॉर्म्युला घेऊन घातांकाच्या जागी ४ गुणिले ४४४/३६५ टाकलं असणार, म्हणजे ४.८६५७ वगैरे. फॉर्म्युला अपूर्णांकातला घातांकही खुशाल घेतो, पण त्याचा अर्थ असा होतो की व्याज तिमाहीच्या मधल्या दिवसांतही त्याच चक्रवाढीच्या वेगाने वाढत गेलं. प्रत्यक्षात बँक मधले दिवस सरळव्याजाने मोजते. आणि तिमाही पुरी व्हायच्या आत सरळव्याज हे चक्रवाढीच्या त्या वक्रापेक्षा किंचित जास्तच भरतं, ऐकायला उलटं वाटेल पण तसंच आहे, दोन्ही बरोबरीला येतात ते तिमाही पूर्ण होते त्या दिवशी. म्हणून बँकेचा आकडा ६ रुपयांनी वर. दादांना सांगा की फॉर्म्युला दोन तुकड्यांत लिहा, पूर्ण तिमाह्या वेगळ्या आणि उरलेले दिवस वेगळे:

```
=300000*(1+7%/4)^4*(1+7%*79/365)
```

यातला ^ नंतरचा 4 म्हणजे पूर्ण झालेल्या तिमाह्या, 79 म्हणजे उरलेले दिवस. दुसरी एफडी असेल तर मुद्दल, दर आणि हे दोन आकडे बदलायचे. मुदत बरोब्बर तिमाह्यांत बसत असेल, म्हणजे १५ महिने, दोन वर्षं अशी, तर शेवटच्या कंसाची गरजच नाही आणि मग दादांची पद्धत आणि बँकेची पद्धत एकच उत्तर देतात. मला वाटतं म्हणूनच हा फरक बऱ्याच जणांच्या कधी लक्षात येत नाही, तो ४०० दिवस, ४४४ दिवस असल्या मुदतींमध्येच वर येतो. आणि या फॉर्म्युल्याने कधी बँकेपेक्षा एखादा रुपया वेगळा आला तर तो राउंडिंगचा. काही सिस्टिम प्रत्येक तिमाहीला व्याज पूर्ण रुपयात करतात, काही शेवटी एकदाच. तुमच्याच एफडीत दर तिमाहीला पूर्ण रुपये धरले तर ३,२६,४२९ येतात. एका रुपयासाठी शाखेत जाऊ नका.

तुमचा स्वतःचा आकडा मात्र जरा नीट समजून घ्या, कारण ही चूक पुढे जाऊन मोठी महागात पडू शकते. पावतीच्या मागे लिहिलेलं ७.१९ खोटं नाहीये. वर आपण बघितलं की ३ लाखांचे वर्षात ३,२१,५५७.७१ झाले, म्हणजे २१,५५७.७१ व्याज, आणि ते ३ लाखांच्या ७.१८६ टक्के पडतं. तेच तो माणूस ७.१९ म्हणून लिहून देतोय. म्हणजे हा ठरलेला दर नाही, ७ टक्के दराची चार वेळा चक्रवाढ होऊन वर्षाअखेर हातात किती पडतं त्याचा हा आकडा आहे, याला यील्ड म्हणतात. त्यात चक्रवाढ आधीच मुरलेली आहे. तुम्ही तोच आकडा घेऊन परत चारने भागला आणि परत चक्रवाढ केली, म्हणजे भाजीत एकदा मीठ घातलेलं असताना दुसऱ्यांदा घातलं. म्हणून ७४२ रुपये जास्त आले. पावतीच्या पुढच्या बाजूला जो दर छापलाय, तुमच्या बाबतीत ७.००, तोच फॉर्म्युल्यात घालायचा.

काउंटरवरच्या माणसाने फसवायला लिहिलं असं मी म्हणत नाही, एका वर्षासाठी हा आकडा बरोबरच आहे. पण यील्डचा आणखी एक प्रकार आहे त्यापासून आईंना जपा. समजा कुणी ५ वर्षांची एफडी दाखवली, दर तोच ७ टक्के. १ लाखाचे ५ वर्षांत २० तिमाह्या होऊन १,४१,४७८ होतात. मग ४१,४७८ ला ५ ने भागायचं आणि म्हणायचं "बघा काकू, वर्षाला ८.३० टक्के पडतात". भागाकार बरोबर आहे पण अर्थ चुकीचा आहे, कारण हे ८,२९६ रुपये दर वर्षी मिळत नाहीत, पहिल्या वर्षी ७,१८६ च जमा होतात आणि पुढे दर वर्षी वाढत जातात, आणि सगळे पैसे शेवटी एकदम मिळतात. जितकी मुदत लांब तितका हा आकडा फुगत जातो, दर एक पैसाही न वाढता. मग आईंच्या वयाची माणसं एका बँकेचे ७.२५ सोडून दुसऱ्या बँकेच्या या ८.३० कडे जातात, जिथे खरा दर ७ च असतो. मला हे बघून फार वाईट वाटायचं, कारण ही मंडळी हिशेबाला कच्ची नसतात, त्यांना आकडाच वेगळ्या जातीचा दिलेला असतो. दोन एफडींची तुलना करायची तर दोन्हींचा पावतीवर छापला जाणारा वार्षिक दर विचारा आणि चक्रवाढ कधी होते ते विचारा. "हातात किती पडतात" हे विचारून तुलना करायची असेल तर मुदत दोन्हीकडे सारखी हवी.

आता आईंचा आकडा, ३,२५,५४५. त्यांनी मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत केलं, वर्षाऐवजी ४४४/३६५ धरलं, २५,५४५ व्याज काढलं. गणितात काही चूक नाही. आणि खरं सांगू का, हा आकडा निव्वळ कागदावरचा नाहीये, तो एका वेगळ्या एफडीचा आकडा आहे. फॉर्म भरताना व्याज दर तिमाहीला सेव्हिंग खात्यात जमा करा असा पर्याय निवडला असता तर आईंना दर तीन महिन्यांनी ५,२५० मिळाले असते, चार वेळा म्हणजे २१,०००, शेवटच्या ७९ दिवसांचे ४,५४५, आणि मुद्दल ३ लाख परत. बेरीज करा, तेच ३,२५,५४५. व्याज बाहेर काढून घेतलं की चक्रवाढीला वाढायला काही उरतच नाही, म्हणून तिमाही व्याज घेणाऱ्या एफडीत सरळव्याजाचंच उत्तर येतं. तुमच्या रकमेवर दोन्हींतला फरक आहे ८८५ रुपये.

हे मी एवढं ताणून सांगतेय त्याला कारण आहे. आमच्या शाखेत एक रिटायर्ड शिक्षक यायचे, नारायण पेठेत राहायचे, त्यांनी ५ लाखांची तीन वर्षांची एफडी केली होती, तोंडी सांगितलं होतं की सगळं शेवटी द्या, पण फॉर्मवर खूण पडली तिमाही व्याजाच्या चौकटीत आणि आमच्या माणसाने तसंच सिस्टिममध्ये टाकलं. तीन वर्षांनी हातात आले फक्त ५ लाख, गृहस्थ काउंटरला धरून उभेच राहिले, व्याज कुठाय माझं? व्याज सगळं सेव्हिंगला जमा झालेलं होतं, एकेक तिमाहीची नोंद पासबुकात होती, ते पासबुक भरून घ्यायला आलेच नव्हते. पैसे बुडाले नाहीत, पण तीन वर्षं ते व्याज एफडीच्या दराने वाढायचं ते सेव्हिंगच्या दराने पडून राहिलं. तेव्हा पावतीवर दोन गोष्टी बघा, व्याज कधी मिळणार तिथे मॅच्युरिटीला असं लिहिलंय का, आणि मॅच्युरिटी रक्कम मुद्दलापेक्षा जास्त छापलीये का. दुसऱ्या प्रकारच्या एफडीत मॅच्युरिटीला नुसतं मुद्दलच छापून येतं. तुमच्या पावतीवर ३,२६,४३० आहे, म्हणजे ते ठीक झालंय.

राहता राहिला टीडीएस, तो तुम्ही विचारला नाहीत पण २८ ऑगस्टला खात्यात ३,२६,४३० पेक्षा कमी आले तर पहिला संशय त्याचाच घ्या. पावतीवरचा आकडा टीडीएस धरून छापलेला नसतो. १ एप्रिल २०२५ पासून सिनियर सिटिझनला एका बँकेतलं एका आर्थिक वर्षाचं व्याज १ लाखाच्या वर गेलं तरच बँक टीडीएस कापते, इतरांना ही मर्यादा ५० हजार आहे. या एका एफडीने ती मर्यादा ओलांडली जाणार नाही. पण त्याच बँकेत आईंच्या आणखी ठेवी असतील, मग त्या दुसऱ्या शाखेत का असेनात, तर सगळ्यांचं व्याज एकत्र धरलं जातं, आणि एफडी मोडली नाही, व्याज हातात आलं नाही तरी जमा झालेल्या व्याजावर कापलं जातं.

कापायचे ते बरेचदा एफडीच्याच व्याजातून कापतात आणि इथे परत चक्रवाढीचा संबंध येतो. समजा प्रत्येक तिमाहीला १० टक्के कापले गेले, तर पहिल्या तिमाहीला मुद्दलात ५,२५० ऐवजी ४,७२५ च मिळतात, पुढचं व्याज त्या कमी मुद्दलावर, असं करत करत शेवटी ३,२३,७०६ येतात. पावतीपेक्षा २,७२४ कमी. यातले २,६३४ हा टीडीएस, तो पॅनवर जमा दिसतो आणि आईंना टॅक्स बसत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो. उरलेले ९० रुपये मात्र कुठेच दिसत नाहीत, ते त्या कापलेल्या पैशांवरचं न मिळालेलं व्याज आहे, ते परत येत नाही. म्हणून आईंचं एकूण उत्पन्न टॅक्सच्या खाली असेल तर टीडीएस कापू नका असा फॉर्म बँकेत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच द्या, दर वर्षी नवीन द्यावा लागतो, आणि दिल्याची पोच घ्या. पॅन खात्याला जोडलेला आहे ना तेही त्याच फेरीत विचारून घ्या, पॅन नसेल तर १० च्या जागी २० टक्के कापतात.